बंद पाकिटाला दिलेला खुलासा

हॉस्पिटलच्या धुलाई विभागात बंद पाकीट येतं ते एकाच कामासाठी. पगार बँकेत जमा होतो, रजेचा अर्ज खिडकीवर मंजूर होतो, सुट्ट्यांचं पत्रक भिंतीवर चिकटवतात. तेव्हा कुणाच्या नावाचं पाकीट आलं की त्यात मेमो असणार, हे इथे शेंबडं पोरही सांगेल. म्हणूनच पाळी संपता संपता ऑफिसचा शिपाई दारात उभा राहून "भिंगताई, इथे सही करा" म्हणाला, तेव्हा इस्त्रीच्या रोलरपाशी चाललेल्या गप्पा एकदम थांबल्या.

त्या पाकिटात कौतुकाचं पत्र होतं. वाचणाऱ्याला हे आधीच सांगून टाकलेलं बरं, उगाच त्यालाही घोर कशाला? पण भिंगताईंना हे सांगणारं तिथे कुणी नव्हतं. त्यांनी शिपायाच्या वहीत सही केली, पाकीट न उघडताच पर्समध्ये घातलं आणि चष्मा पुसायला घेतला. चष्मा स्वच्छ होता.

भिंगताई हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. धुलाई विभागात एक काचेचं टेबल आहे, त्याच्या खालून दिवा लागतो. ऑपरेशन थिएटरचं हिरवं कापड धुऊन, वाळून आलं की त्या टेबलावर पसरायचं आणि खालच्या उजेडात भोक शोधायचं. सुईच्या टोकाएवढं जरी भोक राहिलं तरी पेशंटच्या अंगावर घालायचं ते कापड निकामी. हे काम बाई इतकी वर्षं करत आल्या होत्या, की त्यांना कागद, नोट, नवी साडी, काहीही हातात दिलं तरी त्या आधी उजेडाकडे धरून बघत. त्यात भर म्हणजे नवरा घड्याळदुरुस्तीवाला. तो दुकानात डोळ्याला भिंग लावून बसणार, ही इथे काचेवर वाकलेली. घरात दोन भिंगं आणि एवढं असूनही चपलेची जोडी सापडत नाही, असं सूनबाई म्हणायची.

बाई बोलायला गोड, पण कामात हट्टी. कापड बाद म्हटलं की बाद. थिएटरच्या सिस्टर आल्या, डॉक्टर आले, तरी बाद. या हट्टापायीच त्यांना पूर्वी एकदा मेमो मिळाला होता. भोकं पडलेल्या कापडांचा एक ढीग त्यांनी वरिष्ठांची सही न घेता फाडून पुसण्याच्या फडक्यांत टाकला होता, कारण तो ढीग दोनदा बाद करूनही दोनदा थिएटरात परत गेला होता. तेव्हाच्या इन्चार्जांनी लिहिलं, 'परवानगीशिवाय साहित्य बाद केले, खुलासा द्यावा.' भिंगताईंना वाटलं, आपण चुकलोच नाही तर खुलासा कसला द्यायचा? त्यांनी दिला नाही. मग फाईलमध्ये शेरा पडला, 'खुलासा प्राप्त झाला नाही. सक्त ताकीद देण्यात येत आहे.' तेव्हापासून त्यांची फाईल उघडली की नेमणुकीच्या आदेशावर हा एकच कागद दिसायचा. दोनदा मुकादमाची जागा निघाली आणि दोन्ही वेळा ती त्यांच्या मागून आलेल्यांना गेली. कुणी काही बोललं नाही, पण कशामुळे ते त्यांना कळत होतं.

आता ती जागा तिसऱ्यांदा निघाली होती. निवड समिती लवकरच बसणार होती. भिंगताईंच्या निवृत्तीआधीची ही शेवटचीच संधी, आणि नेमकं अशा वेळी हे पाकीट.

"अगं, उघडून तरी बघ," नवरा म्हणाला. संध्याकाळी तो दुकान बंद करून आला होता आणि बायको टेबलावर ठेवलेल्या पाकिटाकडे अशी बघत होती, जणू त्याला आता पाय फुटतील.

"आत काय आहे ते मला माहितीये."

"माहितीये तर मग भीती कसली?"

"अहो, माहितीये म्हणूनच. बॉयलरच्या वेळी मी जे उद्योग केले ना, त्याचं आलंय हे. मागच्या वेळी गप्प बसले, ते अंगाशी आलं. या वेळी त्यांनी विचारायच्या आत सांगून मोकळी होते."

"आणि पाकिटात भलतंच काही असलं तर?"

"भलतं काय असणार? माझा पुतळा उभारणारेत?"

घड्याळवाल्याने आयुष्यभर बंद पडलेली यंत्रं उघडली होती, पण बायकोचं पाकीट तिच्या मनाविरुद्ध उघडायची त्याची हिंमत झाली नाही. तो फक्त म्हणाला, "सांग मग सगळं. पण सरळ सांग. तू सांगताना आधी दुसऱ्यांचं सांगतेस आणि मग तुझं राहूनच जातं."

बॉयलरचं प्रकरण असं होतं. धुलाई विभागाची मोठी मशिनं, सुकवायचे ड्रम आणि इस्त्रीचे रोलर, सगळं वाफेवर चालतं. वाफ देतो बॉयलर. तो बॉयलर गेल्या महिन्यात बसला. आतली नळी फुटली, सुटा भाग बाहेरून यायचा होता, आणि आठवडाभर विभागाला वाफ म्हणून मिळाली नाही. वॉर्डांच्या चादरी बाहेरच्या लॉन्ड्रीत जाऊ लागल्या. थिएटरचं कापड मात्र बाहेर पाठवता येत नाही, तिथे ते हॉटेलांच्या कपड्यांत मिसळतं. कापड नाही तर ऑपरेशन नाही, इतका साधा हिशेब. इन्चार्ज साहेब बॉयलरच्या खोलीत मेकॅनिकच्या डोक्यावर बसून होते. आणि तरीही त्या आठवड्यात एकही ऑपरेशन पुढे ढकललं गेलं नाही. कसं, ते वर ऑफिसात कुणाला ठाऊक नव्हतं. थिएटरच्या सिस्टरांनी मीटिंगमध्ये भिंगताईंचं नाव घेतलं, अधीक्षक मॅडम म्हणाल्या पत्र द्या, इन्चार्जांनी कागदावर 'उत्तम काम केले, कौतुकपत्र द्यावे' एवढं खरडलं आणि ते पुन्हा बॉयलरकडे पळाले.

दुसऱ्या दिवशी पाळी सुरू व्हायच्या आधीच भिंगताई इन्चार्जांच्या काचेच्या खोलीत जाऊन उभ्या राहिल्या. इन्चार्ज हा रागीट म्हणून ओळखला जाणारा माणूस. खरं तर तो रागीट नव्हता. मशिनांच्या आवाजात ओरडून बोलायची सवय लागली होती, ती घरीही सुटत नव्हती, त्यामुळे शेजारी-पाजारी सगळ्यांचा तसा समज होता.

"या ताई! बसा! मिळालं का पत्र?" ते ओरडले.

"मिळालं साहेब. खुलासा द्यायला आलेय."

"खुलासा?"

"तोंडीच देते. लेखी पाहिजे असेल तर तोही देईन." त्यांनी श्वास घेतला. "साहेब, पहिली गोष्ट. कोपऱ्यातलं छोटं मशीन, स्वतःच्या हीटरवर चालणारं, ते युनिफॉर्मसाठी आहे. दुसरं काही त्यात घालायचं नाही असा बोर्ड आहे. मी त्यात थिएटरचं कापड धुतलं. युनिफॉर्म घरी धुवा म्हणून सगळ्यांना मीच सांगितलं. एक डॉक्टर चिडले, त्यांना म्हटलं, एकतर तुमचा कोट धुते, नाहीतर तुमच्या पेशंटचं कापड. मग ते कोट घरी घेऊन गेले."

इन्चार्जांचं तोंड उघडं राहिलं. बाईंनी ते रागाचं लक्षण धरलं आणि वेग वाढवला.

"दुसरी गोष्ट. सुकवायला जागा नव्हती. गच्चीवर धूळ असते, तिथे घालायचं नाही. व्यायामोपचाराचा हॉल मशिनं बदलायची म्हणून रिकामा होता. वॉचमनकडून किल्ली मी घेतली, लेखी परवानगी नव्हती. दोऱ्या बांधल्या, सगळे पंखे चालू ठेवले. लाइटबिल आलं असेल जास्त. दोऱ्यांसाठी भिंतीत खिळे मारले, ते मारले मोठी मशिनं चालवणाऱ्या मशिनदादाने, पण सांगितलं मी. त्याला काही बोलू नका."

"ताई, अहो—"

"संपवू द्या साहेब, मागच्या वेळी बोलले नव्हते. तिसरी गोष्ट सगळ्यात मोठी. रोज चादर बदलायचा नियम आहे. वॉर्डाच्या सिस्टरांना मी विनंती केली, की खराब झालेली आणि ऑपरेशन झालेल्या पेशंटची चादर रोज बदला, बाकीच्या एक दिवसाआड. त्यांनी ऐकलं. चादरी कमी निघाल्या, त्या मोजून बांधून बाहेर पाठवायचं काम घटलं, म्हणून आमची माणसं थिएटरच्या कामाला मोकळी झाली. त्या सिस्टरांचाही यात दोष नाही."

आता त्यांचा आवाज जरा बसला. "आणि थिएटरवाल्या नेहमी सांगतात, इतके संच द्या, ढिगाने. मी म्हटलं, मला उद्याच्या ऑपरेशनांची यादी आदल्या दुपारी द्या. मग ज्या क्रमाने ऑपरेशन त्या क्रमाने संच. सकाळच्या पहिल्या पेशंटचं कापड आधी धुवायचं, आधी सुकवायचं. ओलसर कापड निर्जंतुक करायला पाठवलं की आतून पॅक ओला निघतो आणि सगळा परत येतो, म्हणून प्रत्येक शिवण गालाला लावून बघितली. शिवणीत ओल राहते. वाफेच्या ड्रमची गोष्ट वेगळी, पंख्याखाली काय भरवसा? फाटकं निघालं ते शिवणकामाच्या सुईबाईने तिथेच बसून रफू न करता ठिगळ लावून दिलं, तिचा पाय सुजला होता तरी. झालं. एवढंच. एकही कापड मात्र भोकाचं सोडलं नाही साहेब. ते विचारलंत तरी शपथेवर सांगेन."

इन्चार्जांनी टेबलावरचा पाण्याचा ग्लास उचलून त्यांच्यापुढे सरकवला आणि, धुलाई विभागाच्या इतिहासात नोंद व्हावी अशी गोष्ट, ते हळू आवाजात बोलले.

"ताई, पाकीट उघडलंय का तुम्ही?"

"नाही."

"उघडा."

भिंगताईंनी पर्समधून पाकीट काढलं. घाईत ते वेडंवाकडं फाटलं. आत एक कडक, चांगल्यापैकी कागद होता. त्यांनी वाचलं. मग चष्मा नाकावर नीट बसवून पुन्हा वाचलं. 'आपण संस्थेच्या सर्वांगीण प्रगतीसाठी दिलेल्या मोलाच्या योगदानाबद्दल आपले हार्दिक अभिनंदन. आपण यापुढेही अशाच निष्ठेने कार्य कराल अशी अपेक्षा आहे.' खाली अधीक्षक मॅडमची सही, शिक्का.

आधी त्या समोरच्या खुर्चीत बसल्या. छातीवरचा धोंडा उतरला होता. मेमो नव्हता, देवाची कृपा. त्या हसल्या, डोळे पुसले, पुन्हा हसल्या. आणि मग सवयीने तो कागद त्यांनी खिडकीच्या उजेडाकडे धरला.

"छान आहे साहेब. आभारी आहे, मनापासून." मग त्यांनी विचारलं, "पण हे माझंच आहे ना?"

"तुमचंच की! वर नाव आहे."

"नाव आहे. पण सगळे दिवस हजर राहिल्याबद्दल लिफ्टमनला मिळालं होतं, ते फ्रेम करून त्याने लिफ्टमध्ये लावलंय. रोज वर-खाली जाताना वाचते, पाठ झालंय. शब्द न शब्द हाच." त्यांनी कागद खाली ठेवून तळहाताने सारखा केला. "यात भोक नाही साहेब. पण कापडही नाही."

दुसरा कुणी इन्चार्ज असता तर म्हणाला असता, मिळालं ते गोड मानून घ्या. हा माणूस लाल झाला, पण तो राग बाईंवरचा नव्हता. आठवडाभर आपण बॉयलरजवळ आरडाओरडा करत होतो आणि आपला विभाग चालवत होती ही बाई, आणि तिच्याबद्दल आपण लिहिलं काय, तर तीन शब्द.

"चला," ते उठले.

ऑफिसात हेडक्लार्क बसले होते. त्यांना इन्चार्जांनी नेहमीच्या आवाजात सगळं सांगितलं, म्हणजे पहिल्या मजल्यावर सगळ्यांनाच कळलं. हेडक्लार्कनी शांतपणे शिफारशीचा कागद काढून दाखवला. "साहेब, मला आलं 'उत्तम काम केले'. कोणतं काम, केव्हा, त्याने काय झालं, यातलं काहीच नाही. मी काय माझ्या मनाने गोष्ट रचू? म्हणून नेहमीचा नमुना घातला. आणि खरं सांगू का, निवड समिती अशी पत्रं बघतही नाही. ढिगाने येतात. ज्यात काम लिहिलेलं असतं तेवढंच वाचतात."

त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं. इन्चार्ज खुर्ची ओढून बसले. "घ्या लिहून. आता मी सांगतो."

"आणि ते चादरीचं?" हेडक्लार्कनी पेन थांबवून विचारलं. "नियम मोडला असं पत्रात कसं लिहायचं?"

"थिएटरच्या सिस्टरांना विचारू, वॉर्डाच्या सिस्टरांना विचारू. त्यांनी मिळून ठरवलं असेल तर तसंच लिहायचं. झालं ते लिहायचं, न झालेलं नाही."

फोन झाले. वॉर्डाच्या सिस्टर म्हणाल्या, त्यांनी मेट्रनला विचारूनच होकार दिला होता, भिंगताईंना ते सांगायचं राहून गेलं. थिएटरच्या सिस्टर स्पीकरवर टाकलेल्या फोनवरच म्हणाल्या, "माझं नाव घाला साक्षीला. त्या आठवड्यात एकही ओला पॅक परत आला नाही. वाफ असताना येतात!" हे ऐकून भिंगताई दाराशी उभ्याउभ्या खाली बघू लागल्या. कुणी त्यांच्या कामाबद्दल त्यांच्यासमोर इतकं बोलल्याची त्यांना सवय नव्हती. एकदाच त्या मध्ये बोलल्या. "मशिनदादा आणि सुईबाई यांचा उल्लेख आल्याशिवाय मी पत्र घेणार नाही."

"घरचे म्हणत असतील, तुमचं राहून जातं," हेडक्लार्क म्हणाले. बाई चपापल्या. हे यांना कसं कळलं?

नवं पत्र दुपारी अधीक्षक मॅडमकडे गेलं. त्यांनी ते उभ्यानेच वाचायला घेतलं आणि बसून संपवलं. सही करून खाली स्वतःच्या अक्षरात एक ओळ घातली. पाळी बदलताना, दोन्ही पाळ्यांची माणसं हजर असताना, इन्चार्जांनी मशिनं बंद करायला लावली. इतक्या शांततेत त्यांचा आवाज केवढा मोठा वाटला ते विचारू नका.

"'बॉयलर बंद असलेल्या आठवड्यात आपण युनिफॉर्मसाठी राखलेले छोटे मशीन थिएटरच्या कापडासाठी वापरात आणले, रिकाम्या हॉलमध्ये सुकवण्याची सोय केली आणि प्रत्येक शिवण हाताळून ओलावा तपासला. दुसऱ्या दिवशीच्या ऑपरेशनांची यादी आदल्या दुपारी मागवून त्याच क्रमाने संच तयार करण्याची पद्धत आपण सुरू केली. ती आता कायम करण्यात येत आहे. वॉर्डाच्या परिचारिकांच्या संमतीने चादरींचा भार कमी केल्यामुळे विभागाचे मनुष्यबळ थिएटरच्या कामाला मिळाले. परिणामी एकाही रुग्णाचे ऑपरेशन पुढे गेले नाही. या कामात आपल्याला यंत्रचालक व शिवणकाम विभागातील सहकाऱ्यांची मोलाची साथ लाभली, त्यांनाही स्वतंत्र पत्र देण्यात येत आहे.'"

सुईबाईने तोंडाला पदर लावला. मशिनदादा म्हणाला, "खिळ्यांचं नाही आलं," आणि सगळे हसले.

"आणि मॅडमनी स्वतः लिहिलंय," इन्चार्जांनी कागद डोळ्यांजवळ धरला. "'त्या आठवड्यात ज्यांचे ऑपरेशन झाले त्यांना तुमचे नाव माहीत नाही. त्यांच्या वतीने मी आभार मानते.' आणि ताई, हे कागदात नाही, पण सगळ्यांसमोर सांगतो. तुम्ही नसता तर माझी अब्रू गेली असती. तुमचे उपकार आहेत माझ्यावर."

भिंगताई एवढंच म्हणाल्या, "मशिनं सुरू करा साहेब, उशीर होतोय."

घरी जाण्याआधी मात्र त्या पुन्हा ऑफिसात गेल्या. हेडक्लार्कनी पत्राची प्रत काढली होती आणि बाईंची फाईल उघडली होती. बारीक फाईल. सगळी नोकरी त्या दोन-चार कागदांत. वरच तो जुना मेमो, कडा पिवळ्या पडलेला.

"हा काढता येत नाही ताई," हेडक्लार्क म्हणाले. त्यांना खरंच वाईट वाटत होतं. "फाईलमधला कागद काढायचा अधिकार कुणालाच नाही."

"काढू नका. राहू द्या," भिंगताई म्हणाल्या. त्यांनी वाकून मेमो वाचला, इतक्या वर्षांनी, चष्मा लावून, सावकाश. खालचा शेरा वाचला. 'खुलासा प्राप्त झाला नाही.' राग आला नाही. त्यांनाच नवल वाटलं.

हेडक्लार्कनी नव्या पत्राला पंच मारून भोकं पाडली, दोरीत ओवलं आणि मेमोवर ठेवून हाताने दाबलं. आता फाईल उघडली की समितीला आधी हे दिसणार होतं. मग कुणी खालचा कागद वाचला तरी वरचा वाचूनच तिथे जाणार होता.

"खुलासा पोचला," भिंगताई म्हणाल्या. मग त्यांचं लक्ष पंचच्या भोकांकडे गेलं. सवय ती सवय. "साहेब, एवढी दोन भोकं मात्र मी पास करते."

घरी पोचल्या तेव्हा नवरा दारातच उभा होता. त्यांनी नव्या पत्राची मूळ प्रत त्याच्या हातात दिली. त्याने खिशातून दुकानातलं भिंग काढलं, डोळ्याला लावलं आणि पहिल्या ओळीपासून वाचायला सुरुवात केली.